‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून लावलेली गाडी अग्निशमन बंब कसा अडवते? समजून घ्या डबल पार्किंगचं गणित

रात्रीचे साडेदहा. सोसायटीसमोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली आहे. एक जण येतो, उभ्या गाडीच्या शेजारीच आपली कार लावतो आणि पार्सल घ्यायला हॉटेलात शिरतो. शेजारून रिक्षा जातेय, दुचाकी जातेय, एखादी कारही निघून जातेय. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की रिक्षा जाते म्हणजे अग्निशमन दलाचा बंब जाईलच असं नाही. ते कसं, हे साध्या बेरीज-वजाबाकीतून समजतं.

9 मीटरच्या रस्त्याचं गणित

शहरात अनेक अंतर्गत रस्ते 9 मीटरचे, म्हणजे साधारण 30 फुटांचे असतात. छोट्या कारची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. कडेपासून पाव मीटर अंतर धरलं, तर एका बाजूची रांग 2 मीटर जागा घेते. दोन्ही बाजूंचे मिळून 4 मीटर गेले. मधे 5 मीटर मोकळे राहिले, आणि त्यातून बंब आरामात जातो.

आता त्यात डबल पार्क केलेली एक कार आणा. ती आधीच्या गाडीपासून अर्धा मीटर लांब उभी राहते, कारण दार उघडायला जागा लागते. म्हणजे आणखी सव्वादोन मीटर गेले आणि उरले पावणेतीन मीटर. बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर धरली, तर कागदावर तो अजूनही जातो.

पण गाडीची रुंदी सांगताना बाजूचे आरसे धरलेले नसतात. डबल पार्क केलेल्या कारचा एक आरसा आणि समोरच्या रांगेतल्या कारचा एक आरसा, असे दोन्ही मिळून 30 ते 40 सेंटिमीटर आत येतात. उरलेली वाट 2.4 मीटरच्या आसपास येते आणि बंब अडकतो. रिक्षा किंवा कार मात्र याच फटीतून निघून जाते. त्यामुळे ‘जागा आहे की’ असं गाडीमालकाला अगदी मनापासून वाटत असतं.

वळणावर अडचण वाढते

वरचा हिशेब सरळ रस्त्याचा आहे. बंब गल्लीत वळतो, तेव्हा त्याला मोठा घेर लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेत अग्निशमन वाहनांसाठी 9 मीटरची वळण त्रिज्या धरली आहे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने कापत जातात. कोपऱ्यापासून चार-पाच मीटरवर एक गाडी डबल पार्क असेल, तर पुढची गल्ली पूर्ण रिकामी असूनही बंब आत शिरू शकत नाही. म्हणूनच चौकात आणि वळणाजवळ गाडी लावायला वेगळी मनाई आहे.

बंब गल्लीच्या तोंडाशी थांबला तर?

‘बंब बाहेर उभा करून पाइप आत न्यायचा’ हा पर्याय सोपा वाटतो. समजा, आग गल्लीच्या तोंडापासून 150 मीटर आत आहे. अग्निशमन दलाचा होज साधारण 15 मीटर लांबीचा असतो. म्हणजे 10 होज उलगडायचे आणि एकमेकांना जोडायचे.

63 मिलिमीटर व्यासाच्या 15 मीटर होजमध्ये सुमारे 47 लिटर पाणी मावतं. दहा होज भरायलाच जवळपास 470 लिटर पाणी लागतं, आणि त्यानंतर नोझलमधून पूर्ण धार सुटते. भरलेल्या एका होजमधल्या पाण्याचंच वजन 47 किलो असल्याने तो ओढणं जिकिरीचं होतं. प्रत्येक होजमध्ये घर्षणामुळे दाबही थोडा थोडा घटतो. त्यातच उभ्या गाड्यांच्या टायरखाली होज दाबला गेला, तर पाणी तिथेच तुंबतं.

शिडीला तर हा पर्यायही नाही. उंच शिडीच्या वाहनाला उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंना आधाराचे पाय बाहेर काढून टेकवावे लागतात. वाहन शिरण्यापुरती वाट असली तरी हे पाय पसरायला जागा नसेल, तर शिडी उचलता येत नाही. उंच इमारतींभोवती 6 मीटरची मोकळी वाट सोडायला सांगतात ती यासाठी. सोसायटीत तिलाच ‘ड्राइव्ह-वे’ म्हणतात आणि पाहुण्यांच्या गाड्या बहुतेक तिथेच लागतात.

‘न्यूट्रलमध्ये ठेवलीय, ढकला’ हा उपाय चालतो का?

अनेक ठिकाणी डबल पार्क करणारे हँडब्रेक न लावता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतात. रोजच्या अडचणीत याचा उपयोग होतो, आणीबाणीत मात्र नाही. स्टिअरिंग लॉक असल्याने गाडी सरळच सरकते. म्हणजे एका गाडीसमोरून निघून ती पुढच्या गाडीसमोर उभी राहते. रांगेतल्या शेजाऱ्याला वाट मिळते, पण रस्ता अरुंदच राहतो. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर असेल, तर ढकलताच येत नाही. उतारावर न्यूट्रलमधली गाडी हा स्वतःच एक धोका असतो.

काचेवर मोबाइल नंबर लिहून ठेवण्याचंही असंच आहे. रात्री दोन वाजता फोन सायलेंटवर असेल, तर त्या नंबरचा उपयोग काय?

सम-विषम पार्किंग कशासाठी?

पुण्यासह अनेक शहरांत पी-1, पी-2 फलक दिसतात. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. वरच्या हिशेबात एक रांग कमी केली, तर 9 मीटरच्या रस्त्यावर 7 मीटर मोकळे राहतात. पण परवानगी असलेल्या बाजूलाच कोणी दुहेरी रांग लावली, तर वाचवलेली रुंदी पुन्हा जाते. ‘माझी बाजू बरोबर आहे’ हे म्हणणं तिथे अपुरं पडतं.

कायदा काय सांगतो?

उभ्या वाहनाच्या शेजारी वाहन लावायला रस्ते नियमांत स्पष्ट मनाई आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नुसार इतरांना अडथळा किंवा धोका होईल असं वाहन सोडून जाता येत नाही. कलम 127 पोलिसांना असं वाहन उचलून नेण्याचा अधिकार देतं.

एक फरक मात्र लक्षात घ्यावा लागेल. रुग्णवाहिकेला किंवा बंबाला वाट न दिल्यास 10 हजार रुपयांपर्यंतचा दंड आणि कैदेची तरतूद असलेलं कलम 194-ई हे वाहन चालवत असलेल्या व्यक्तीसाठी आहे. गाडी लावून निघून गेलेल्याला साधारणपणे कलम 177 लागतं. केंद्रीय कायद्यानुसार त्यात पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी 1,500 रुपयांपर्यंत दंड आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तुमचा रस्ता कसा तपासाल?

रात्री 11 नंतर, गाड्या लागलेल्या असताना, समोरासमोरच्या आरशांमधलं अंतर टेपने मोजा. साडेतीन मीटरपेक्षा कमी आलं, तर तिथे बंबाला अडचण येणार असं समजा. हे माप वळणाजवळ आणि सोसायटीच्या गेटसमोर आवर्जून घ्या.

आग लागल्यावर 101 वर फोन करताना पत्त्यासोबत ‘कोणत्या बाजूने रस्ता मोकळा आहे’ हेही सांगा आणि एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा. अरुंद गल्लीत आत शिरलेला बंब मागे घेऊन दुसऱ्या बाजूने आणायचा, तर आणखी काही मिनिटं जातात. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून गेलेला गाडीमालक तोपर्यंत परतलेलाही नसतो.