शालू लाल व्हावा, चेहरा मात्र तोच राहावा

घरातल्या भिंतीवर खिडकीसमोर टांगलेला लग्नाचा रंगीत फोटो, १९८०च्या आसपास स्टुडिओत काढलेला. नवरीचा लाल शालू आता पिवळट-गुलाबी झाला आहे, जरी कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होते तेही नीट कळत नाही. घरच्यांची मागणी अगदी सोपी असते: ‘शालू पुन्हा लाल करा, पण आईचा चेहरा बदलू नका.’ हे काम होऊ शकते, आणि चांगले होऊ शकते. पण त्याभोवती काही समज इतके पक्के बसले आहेत की त्यांच्यामुळेच बरेच फोटो बिघडतात. (काम अर्थातच स्कॅनवर करायचे. मूळ प्रतीला रंग, ब्रश काहीही लागता कामा नये. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.)

गैरसमज: शालू आणि त्वचा यांचे रंग वेगळे आहेत, म्हणून सॉफ्टवेअर शालू आपोआप वेगळा निवडेल.

मूळ फोटोत ते वेगळे होते, विटलेल्या फोटोत राहिलेले नाहीत. रंगीत फोटोच्या कागदात सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. लाल रंग मॅजेंटा आणि पिवळा मिळून होतो. त्या काळच्या बहुतेक कागदांत उजेडाने सर्वांत आधी मॅजेंटा विरतो, त्यामुळे लाल कापड नारिंगीकडे झुकत फिकट होत जाते. म्हणजे नेमके गव्हाळ कातडीच्या रंगाकडे.

एका फोटोचे आकडेच पाहू. विटलेल्या शालूचा उजळ भाग मोजला तर लाल २२२, हिरवा १७६, निळा १५०. गालावर लाल १९६, हिरवा १५०, निळा १२२. रंगचक्रावर शालू सुमारे २२ अंशांवर येतो आणि गाल २३ वर. अशा फोटोत Hue/Saturation मध्ये ‘Reds’ निवडून पट्टी सरकवली की शालूबरोबर गाल, कपाळ, हात सगळेच सरकते. रंगावरून निवड करणारे प्रत्येक साधन इथे फसणार. मास्क हातानेच, ब्रशने रंगवावा लागतो, आणि शालूच्या मास्कमधून जरी, हिरवा चुडा आणि गळ्यातले दागिने बाहेर ठेवावे लागतात. जरीवर लाल चढला की ती तांब्यासारखी दिसते, म्हणून तिला स्वतंत्र मास्क द्यावा.

गैरसमज: लाल रंग घ्यायचा, Color मोडमध्ये शालूवर फिरवायचा, झाले.

सर्वांत जास्त फोटो इथेच बिघडतात, म्हणून याला जरा वेळ देऊ. Color मोड खालच्या चित्राचा उजळपणा जसाच्या तसा ठेवतो आणि त्यावर फक्त रंगछटा चढवतो. खरा शालूचा लाल गडद असतो. या फोटोत तो लाल १५०, हिरवा ३०, निळा ४० आहे. त्याचा उजळपणा २५५ पैकी साधारण ६७ येतो. विटलेल्या कापडाचा उजळपणा मात्र १८७. त्या १८७ वर हा लाल Color मोडने चढवला की निकाल येतो २५५, १५७, १६५. हा लाल नव्हे, हा बाळाच्या झबल्याचा गुलाबी. मग माणूस रंग आणखी भडक करत जातो आणि शालू प्लॅस्टिकचा दिसू लागतो.

कापडाचा नुसता रंग गेलेला नाही, त्याचा गडदपणाही गेला आहे, आणि तो आधी परत आणावा लागतो. त्यासाठी Curves चा थर घ्यावा, त्याला शालूचा मास्क लावावा आणि लाल, हिरवा, निळा या वाहिन्या एकेक करून खाली ओढाव्यात. प्रत्येक वाहिनीत दोन बिंदू पुरतात: एक कापडाच्या उजळ भागासाठी, एक चुणीतल्या सावलीसाठी. आपल्या उदाहरणात उजळ भागासाठी लाल २२२ वरून १५० वर, हिरवा १७६ वरून ३० वर, निळा १५० वरून ४० वर. चुणीत विटलेले आकडे १६०, ९८, ८४ होते, ते ८०, १२, १८ वर. एवढ्यानेच शालू लाल होतो, वरून रंग फासावाच लागत नाही. चुण्याही टिकतात, कारण त्यांचा बराचसा तपशील लाल वाहिनीत शिल्लक असतो. वाहिन्या इतक्या ओढायच्या म्हणून स्कॅन १६ बिटचे आणि ६०० डीपीआयचे हवे, आणि स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद हवी.

जिथे कापड विटून पार कोऱ्या कागदाइतके पांढरे झाले आहे, तिथे ओढायला काही उरलेलेच नसते. तिथल्या चुण्या हाताने काढाव्या लागतात, आणि ते काम पूर्ववत करणे नव्हे, चित्र काढणे आहे. घरच्यांना तसे स्पष्ट सांगावे.

Color मोड निरुपयोगी आहे असे मात्र नाही. फोटो कृष्णधवल असून स्टुडिओत हाताने रंगवलेला असेल, तर उजळपणा चांदीच्या प्रतिमेत असतो आणि विटतो तो फक्त वरचा रंग. अशा फोटोवर हीच युक्ती छान चालते.

गैरसमज: मास्क लावला म्हणजे चेहरा सुरक्षित.

धोका कडेला असतो. गळा आणि ब्लाउज यांची सीमा स्कॅनमध्ये दोन-तीन पिक्सेल पसरलेली असते. मास्कची कडा त्याहून मऊ ठेवली तर गळ्यावर लालसर झाक येते, अगदी धारदार ठेवली तर डोके कापून चिकटवल्यासारखे दिसते. एक-दोन पिक्सेलची मऊ कडा बहुधा बरोबर बसते. हनुवटीखाली लाली दिसली तर लगेच पुसू नका. लाल कापडाचा उजेड खालून हनुवटीवर पडतोच, तेव्हा आधी मूळ स्कॅनमध्ये ती आहे का पाहा.

डोळ्यांवर विसंबू नये. काम सुरू करण्यापूर्वी गाल, कपाळ आणि मनगट इथे मोजणीचे बिंदू ठोकून ठेवा. Info मध्ये आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी दिसतात. ते तिन्ही ठिकाणी तेच राहिले पाहिजेत.

आकडे तेच राहूनही चेहरा वेगळा भासतो, कारण गडद लालाशेजारी कोणतीही त्वचा फिकट आणि किंचित हिरवट दिसते. तो डोळ्यांचा गुण आहे. फोटोवर राखाडी कागद धरून त्याच्या भोकातून फक्त गाल पाहिला की खात्री पटते. याच टप्प्यावर ‘जरा उजळ करू या’ असा मोह होतो, आणि माझ्या मते तो मोडून काढलाच पाहिजे. आपल्याकडे स्टुडिओंनी सावळ्या मुलींना गोरे करण्याचे काम पुष्कळ केले आहे, त्यात भर नको. त्वचाही खरोखर विटलेली असेल तर तिची दुरुस्ती वेगळ्या थरावर, घरच्यांना विचारून आणि पुरावा असेल तेवढीच.

गैरसमज: मूळ रंग कोणता होता, हे आता कुणाला कळणार?

वर दिलेले १५०, ३०, ४० हे आकडे अंदाजाचे नाहीत. फोटो फ्रेममधून काढला की कडेला, पुठ्ठ्याखाली दडलेली दोन-चार मिलिमीटरची पट्टी दिसते. तिथे ऊन पोचलेले नसते. पदर किंवा निऱ्या त्या पट्टीपर्यंत गेल्या असतील तर मूळ लाल तिथे बहुतांशी शाबूत सापडतो, उजळ भाग आणि चूण दोन्ही. पट्टीत कापड नसेल तर नातेवाइकांकडची अल्बममध्ये राहिलेली दुसरी प्रत पाहावी. कपाटातला खुद्द शालू सर्वांत शेवटी, कारण स्टुडिओतल्या दिव्यांत आणि त्या कागदावर तो डोळ्यांना दिसतो तसा उतरलेला नसतो.

म्हणून एकच विनंती. जुना फोटो नव्या फ्रेममध्ये बसवताना ‘कडा घाण दिसतात’ म्हणून त्या कापायला सांगू नका. आधी पूर्ण फोटो कडांसकट स्कॅन करून घ्या.