पहिल्या सहा आठवड्यांतला ताप

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

नेमक्या याच काळात आईच्या अंगात ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२ फॅरनहाइटच्या वर ताप राहिला, तर नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. १९९२ साली अमेरिकेत वीस हजारांहून अधिक गर्भवतींच्या पाहणीत हॉट टबचाही याच दोषाशी संबंध दिसला.

४० अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यावर घाम येतो, पण वाळत नाही; उष्णता अंगातच साठते. कोमट पाण्याच्या आंघोळीला मात्र हरकत नाही. ताप चढला, तर डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात आणि तापाचं कारणही शोधतात.