झिजलेला टायर आणि स्पीडोमीटरचा काटा

डॅशबोर्डवरचा काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ताशी ८० किलोमीटरने धावतेय, असे आपण धरून चालतो. खरे तर काट्याचा रस्त्याशी थेट संबंध नसतो. चाक किंवा त्याला जोडलेला दांडा किती वेगाने फिरतोय, एवढेच त्याला कळते. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हा आकडा कारखान्यात एकदा ठरवून दिलेला असतो. टायर झिजला तरी तो आकडा बदलत नाही.

ओटो शुल्झे यांनी १९०२ साली जर्मनीत पेटंट घेतलेली रचना पुढे कित्येक दशके गाड्यांत राहिली. गिअरबॉक्समधून आलेली केबल मीटरमागचे चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण ती चुंबकाला टेकत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह उठतात आणि ती चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. केबल जितक्या जोराने फिरेल तितकी वाटी वळते आणि तिला जोडलेला काटा वर चढतो. हल्ली केबलच्या जागी सेन्सर आला. तो दातेरी चकतीचे दात मोजतो. पण मोजले जातात ते फेरेच.

आता हिशेब करू. छोट्या गाड्यांना लागणारा १६५/८० आर१४ टायर घ्या. रुंदी १६५ मिलिमीटर. बाजूची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. रिम १४ इंचांची. एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि परीघ १.९४६ मीटर भरतो. एक किलोमीटरला साधारण ५१४ फेरे.

नव्या टायरच्या खाचा ८ मिलिमीटर खोल आहेत असे धरू. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीची आडवी पट्टी असते. नक्षी झिजून तिच्याशी समतल झाली, की त्रिज्या ६.४ मिलिमीटरने घटलेली असते. परीघ उरतो १.९०६ मीटर, आणि किलोमीटरला फेरे लागतात ५२५. वरचे ११ फेरे मीटर जास्तीचे अंतर म्हणून नोंदवते. चूक सुमारे २.१ टक्के. प्रत्यक्षात १५० किलोमीटरचा प्रवास मीटरवर १५३ दिसतो, आणि लिटरला १५ देणारी गाडी १५.३ देते असे वाटते. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्ष परीघ कागदावरच्यापेक्षा जरा कमी असतो. पण नव्या-जुन्या दोघांनाही तो नियम सारखाच, त्यामुळे टक्केवारी फारशी हलत नाही.

चाक लहान असेल तर तेवढीच झीज जास्त महागात पडते. रिक्षाच्या टायरचा व्यास साधारण ४१५ मिलिमीटर. तिथे त्रिज्या ५ मिलिमीटरने घटली, तरी चूक सुमारे २.५ टक्क्यांवर जाते.

हवा कमी झाली की परीघही तितकाच घटतो, असा समज असतो. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. तो पिंपाच्या कड्यासारखा, लांबी न सोडणारा. हवा उतरली की ॲक्सल चांगला खाली येतो, फेऱ्यांत मात्र किरकोळ फरक पडतो. म्हणून ॲक्सलची जमिनीपासूनची उंची मोजून परीघ काढू नये.

तो थेट मोजावा. हवा नेमकी भरा, चालकाला आत बसवा, सपाट जागी टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूची खूण करा. गाडी सरळ ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण करा आणि टेप लावा. आपल्या उदाहरणात नव्या आणि झिजलेल्या टायरमध्ये दहा फेऱ्यांत ४० सेंटिमीटरचा फरक येतो.

काट्याशी जीपीएस ताडून पाहणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात घ्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. जास्त दाखवायला दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढी मुभा आहे. खरा वेग ८० असताना काटा ९२ पर्यंत चालतो. त्यामुळे उत्पादक काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. काटा ८० आणि जीपीएस ७५ दाखवत असेल, तर त्या पाचांपैकी टायरच्या झिजेचा वाटा फार तर पावणेदोनचा. झीज तपासायची तर काटा सोडून किलोमीटरचे आकडे पाहा, लांबच्या आणि ठाऊक असलेल्या अंतरावर.

उलट मोठा टायर चढवला की चूक दिशा बदलते. याच गाडीला १७५/८० बसवला तर परीघ २.६ टक्क्यांनी वाढतो आणि काटा तेवढा मागे पडतो. दंड आणि धोका या बाजूला आहे. झिजलेल्या टायरची चूक वेग जास्तच दाखवते, म्हणून काट्यापायी टायर बदलायची गरज नाही. तो बदलायचा खाचेतली पट्टी नक्षीशी समतल झाली म्हणून, कारण पावसात पाणी बाहेर फेकायला पुरेशी खोल खाच उरलेली नसते.