प्रत्येक अक्षरामागची खात्री

डीएनए वाचणारं यंत्र प्रत्येक अक्षराबरोबर आपल्याला त्याची किती खात्री आहे, हेही नोंदवतं. फास्टक्यू फाइलमध्ये एका तुकड्याला चार ओळी: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि ही खात्री. समजा, चौथी ओळ अशी संपते:

```
IIIIII5##
```

चिन्हाच्या आस्की क्रमांकातून 33 वजा करायचे. `I` म्हणजे 73, उरले 40. दहा हजारांत एक चूक. `5` म्हणजे 20, शंभरात एक. `#` म्हणजे जेमतेम 2. तिथलं अक्षर बरोबरपेक्षा चूक असण्याचीच शक्यता जास्त. इल्युमिनाच्या यंत्रात खात्री शेवटाकडे घसरते, म्हणून जुळवणीआधी ही शेपटी छाटतात. मात्र कात्री फार चालवली, तर तुकडे इतके आखूड होतात की जनुकसंचात ते नेमके कुठले, हेच कळेनासं होतं. माझ्या मते 20चा उंबरठा बहुतेकदा पुरतो. छाटणीनंतर फास्टक्यूसीचा आलेख पुन्हा एकदा बघाच.