शू-रॅक, कुलूप आणि आठव्या मजल्यावरची मोकळी जागा

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सोसायटीची अग्निसुरक्षा तपासणी होणार आहे. तरी जिन्यातील व रेफ्यूज एरियातील वैयक्तिक सामान त्वरित हलवावे आणि तपासणीस येणाऱ्यांना सहकार्य करावे.' लिफ्टशेजारच्या बोर्डावर अशी नोटीस लागली की पुढचा कार्यक्रम ठरलेला. शुक्रवारी रात्री शू-रॅक, सायकली आणि तुळशीच्या जास्तीच्या कुंड्या घरात जातात. रविवारी सकाळी त्या पुन्हा जिन्यात उतरतात.

नोटीस लिहिणारा सेक्रेटरी बहुधा कारण सांगत नाही. लाकडी रॅकला आग लागेल एवढीच भीती असावी, असा रहिवाशांचा समज होतो, आणि एक रॅक जळून असे काय होणार, हा प्रश्न मग रास्तच वाटतो. खरी गोष्ट आगीपेक्षा धुराची आहे.

गोरेगावच्या जय भवानी या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे आग लागली, ती तळमजल्यावर. तिथे वाहने उभी होती आणि जुन्या कपड्यांचा, भंगाराचा साठा होता. ज्वाळा मुख्यतः खालीच राहिल्या, धूर मात्र जिन्याने वर चढला. किमान सात जणांचा जीव गेला, चाळीसहून अधिक जखमी झाले. आग कोणाच्या घरातून सुरू झाली नव्हती. सगळ्यांच्या मालकीच्या, म्हणून कोणाच्याच नसलेल्या जागेतल्या सामानाने हे केले.

धुराला जिना हा धुराड्यासारखा असतो. गरम हवा वर जाते आणि खालून तिची जागा घ्यायला आणखी धूर ओढला जातो. काही मिनिटांत सगळ्यात वरच्या मजल्याचा पॅसेज काळा होतो, तेव्हा खालच्या दोन मजल्यांवर कदाचित नुसता वास येत असतो. म्हणून उंच इमारतीच्या जिन्याला आपोआप मिटणारे फायर डोअर असते. ते धुराला बाहेर थोपवते आणि उतरणाऱ्यांना वेळ मिळवून देते. पण त्याच दारातून रोज कचरा, पेपर आणि दूध यांची ये-जा असते. दार सारखे मिटते म्हणून कोणीतरी त्याला वीट लावतो, कोणी कुंडी. तपासणीचा अधिकारी हे दार अर्धे उघडून सोडून देतो. ते स्वतःहून येऊन कडीला बसले नाही, तर वहीत नोंद होते. ही चाचणी कोणालाही घरच्या घरी करता येते, पाच सेकंद पुरतात.

मग रॅकचे काय? जिना समजा १२० सेंटिमीटर रुंद आहे. त्यात ३५ सेंटिमीटरची रॅक ठेवली की ८५ उरतात. त्यातून खाली उतरणाऱ्या रहिवाशांची रांग आणि वर चढणारा, पाठीवर श्वसनयंत्राचा सिलिंडर व खांद्यावर होज घेतलेला जवान, दोघांनी एकमेकांना ओलांडायचे. उजेड नाही, डोळे चुरचुरतायत. अशा वेळी माणसे रॅकला अडखळतात आणि जिन्यात पडलेल्या माणसाभोवती मागची रांग अडते.

रेफ्यूज एरिया ही दुसरी गोष्ट. कित्येक रहिवाशांना ती बिल्डरने चुकून सोडलेली गच्चीच वाटते. मुंबईच्या नियमांनुसार उंच इमारतीत २४ मीटरच्या सुमारास पहिला रेफ्यूज लागतो, त्यानंतर दर सातव्या मजल्यावर. वीस मजली इमारतीत म्हणून तो बहुधा आठव्या आणि पंधराव्या मजल्यावर सापडतो. ज्या मजल्यांसाठी तो असतो, त्यांच्या राहण्यायोग्य क्षेत्रफळाच्या ४ टक्के जागा त्याला सोडावी लागते.

हिशोब करून पाहू. एका मजल्यावर ४ फ्लॅट, मिळून ४०० चौरस मीटर. सात मजल्यांचे २,८०० झाले, त्याचे ४ टक्के म्हणजे ११२ चौरस मीटर. २८ घरांत प्रत्येकी चार माणसे धरली तर तीही ११२. माणशी एक चौरस मीटर! ऐसपैस वाटते खरे, पण त्यात म्हातारी माणसे खाली बसणार, कोणी व्हीलचेअरवर असणार. आता त्याच जागेत सोसायटीच्या जुन्या खुर्च्या, गणपतीच्या मंडपाचे बांबू, कोणाच्या फर्निचरची उरलेली प्लायवूड आणि व्यायामाची सायकल मांडून पाहा. प्लाय आणि प्लास्टिक तर स्वतःच पेटणारे. रेफ्यूजची एक बाजू मोकळ्या हवेला आणि शिडीची गाडी पोहोचेल अशी ठेवलेली असते, तिथेच मग कापडी पडदा लागतो, कारण 'पाऊस आत येतो'.

सर्वात वाईट म्हणजे कुलूप. मुले खेळतात, कोणी सिगारेट ओढते, म्हणून कमिटी रेफ्यूजच्या दाराला कुलूप लावते आणि किल्ली वॉचमनकडे ठेवते. वॉचमन तळमजल्यावर, माणसे पंधराव्यावर, मध्ये धूर. कमिटीचा हेतू शिस्तीचा असतो हे मान्य, पण हे कुलूप तपासणीत सापडले तर त्यावर सबब चालत नाही, आणि चालूही नये.

तपासणीला येतो तरी कोण? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने ही जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवर, म्हणजे शेवटी सोसायटीवर टाकली आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीने यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. अग्निशमन दलाचे अधिकारी याशिवाय स्वतःही येऊ शकतात. दोष दूर केले नाहीत तर पाणी आणि वीज तोडण्यापर्यंत कायद्याचा हात जातो. काही सोसायट्या प्रमाणपत्र मिळाले की सुटलो समजतात. कागदावर पंप चालू असतो, प्रत्यक्षात त्याचा स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर असतो, कारण मध्यरात्री एकदा उगाच सुरू होऊन त्याने सगळ्यांची झोप मोडलेली असते.

म्हणून चांगली तपासणी कागदावर थांबत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडून पाण्याचा दाब पाहिला जातो; तिथे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो असावा अशी अपेक्षा असते. होज बॉक्स उघडला जातो, कारण पितळी नोझल चोरीला जाणे ही नवलाची गोष्ट नाही. इलेक्ट्रिक डक्टचे दार उघडले की आत झाडू आणि रद्दी निघते. घरात स्प्रिंकलर असेल तर तो पाहण्यासाठी माणूस दारातही येतो. त्याच्या टोकाची लाल द्रवाची काचेची कुपी साधारण ६८ अंश सेल्सियसला फुटते, तेव्हा पाणी सुटते. हौसेने केलेल्या फॉल्स सीलिंगच्या वर ती झाकली गेली, किंवा रंगाऱ्याने तिच्यावर ब्रश फिरवला, तर तिला उष्णता वेळेवर कळणार नाही. नोटिशीतले 'सहकार्य' म्हणजे मुख्यतः हेच: दार उघडायचे, वर पाहू द्यायचे, आणि काय झाकले आहे ते खरे सांगायचे.

सामान परत जिन्यात येऊ नये यासाठी आदर्श उपविधींत सोय आहे. सामायिक जागा अडवणाऱ्या सभासदाकडून मासिक मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम घेता येते. शेजाऱ्याशी वाद नको म्हणून बहुतेक कमिट्या ती वापरत नाहीत.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. आज रात्री जेवणानंतर लिफ्ट सोडून जिन्याने आपल्या जवळच्या रेफ्यूजपर्यंत जावे आणि दाराला कुलूप आहे का ते पाहावे. असेल तर नोटीस सेक्रेटरीला लावायला सांगण्याची पाळी आता आपली.