पथ्य मोडलं नव्हतं

एक्केचाळीस वर्षांची एक शिक्षिका. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. सतत तहान लागायची, रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं, म्हणून रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.९ निघाली. चाळिशी उलटलेली, वडिलांना मधुमेह. टाइप टू असं निदान झालं, मेटफॉर्मिन सुरू झालं. तीन महिन्यांत आकडा ७.२ वर आला. घरातल्यांना हायसं वाटलं. वर्ष होता होता तो ८.६ झाला. ग्लिमेपिराइडची भर पडली, पुन्हा ७.४. मग सहा महिन्यांत ९.६, आणि वजन ४६ किलो.

ही कुणा एकीची हकिकत नाही. अनेक रुग्णांच्या फायलींत दिसणारा हा नमुना मी एका व्यक्तीच्या रूपात मांडतो आहे. यातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट आकड्यांमध्ये नाही. प्रत्येक वाढलेल्या आकड्यानंतर या बाईला तेच प्रश्न विचारले जातात. भात खाता का? चहात साखर घालता का? गोळी चुकली का? घरी सासूबाई डब्यात डोकावतात, नवरा लग्नातल्या जिलेबीची आठवण काढतो. ती भाकरी अर्धी करते, चालणं दुप्पट करते, तरी साखर चढते आणि वजन उतरतं. शेवटी तिला स्वतःलाच वाटू लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

चुकलेलं असतं ते निदान. तिला जो मधुमेह आहे, त्याचं लांबलचक नाव ‘लेटंट ऑटोइम्यून डायबेटिस इन अ‍ॅडल्ट्स’, आणि डॉक्टरांच्या बोलण्यातलं छोटं नाव ‘लाडा’.

टाइप टूमध्ये स्वादुपिंड इन्सुलिन बनवत असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. लहान मुलांनाही होणाऱ्या टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. मुलांमध्ये हा हल्ला झपाट्यानं होतो, इन्सुलिन बहुधा लगेच द्यावं लागतं. लाडामध्ये हल्ला तोच, पण चाल संथ. निदानाच्या वेळी बऱ्याच पेशी शिल्लक असतात, म्हणून गोळ्या काही काळ काम करतात आणि त्या काम करतात म्हणूनच टाइप टूचा शिक्का पक्का होतो. निदान तिशीनंतर, रक्तात प्रतिपिंडं आणि पहिले सहा महिने इन्सुलिनशिवाय निभावलेलं, अशी लाडाची रूढ व्याख्या आहे.

गोळ्या हरतात कशा, हे ग्लिमेपिराइडच्या कामावरून कळतं. ही गोळी बीटा पेशींना जास्त इन्सुलिन सोडायला लावते. विहिरीत पाणी असेल तर मोठा पंप उपयोगी. झराच आटत चालला असेल, तर पंप बदलून दोन दिवस धार मोठी दिसेल, इतकंच. टाइप टूमध्येही गोळ्या कधीतरी कमी पडतात, पण त्याला बहुधा बरीच वर्षं जातात. इथे वर्ष-दीड वर्षात दोन गोळ्या निष्प्रभ झाल्या आणि सोबत वजन घटलं. पथ्य मोडणाऱ्याचं वजन सहसा असं घटत नाही.

हे कोडं जुनं आहे. १९७७ साली एडिंबरोच्या डॉक्टरांनी गोळ्यांवर असलेल्या मधुमेहींच्या रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडं शोधली आणि ती सापडलेल्यांमध्ये गोळ्या अपुऱ्या पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. १९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गॅड नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून हा गट वेगळा काढला आणि त्याला नाव मिळालं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात टाइप टू म्हणून नोंदलेल्या सुमारे बारा टक्के रुग्णांत अशी प्रतिपिंडं होती. पस्तिशीच्या आत निदान झालेल्यांपैकी ज्यांच्यात गॅड प्रतिपिंडं ठळक होती, त्यातल्या ८४ टक्क्यांना सहा वर्षांत इन्सुलिन लागलं. नसलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना.

मग संशय कधी घ्यायचा? पन्नाशीच्या आत सुरुवात, तहान-लघवी-वजनघट अशी ठळक लक्षणं, सडपातळ बांधा आणि स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइड, कोड यांसारखा स्वयंप्रतिकाराचा आजार. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी तपासणी करावी. आमच्या शिक्षिकेला तेहतिसाव्या वर्षापासून थायरॉइडची गोळी चालू होती. मधुमेहाच्या फायलीत तिची नोंदच नव्हती, कारण कुणी विचारलं नाही आणि तिलाही तो वेगळाच आजार वाटत होता.

मात्र आपल्याकडे नुसत्या सडपातळ बांध्यावर भिस्त ठेवता येत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. त्यामुळे बारीक माणसाचा साधा टाइप टू इथे सर्रास दिसतो. स्वादुपिंडात खडे होऊनही मधुमेह होतो आणि वजन घटतं. त्यासाठी पोटाची सोनोग्राफी किंवा एक्स-रे बघावा लागतो. उगाच सगळ्यांचीच गॅड तपासणी केली, तर खोटे पॉझिटिव्ह अहवालही वाढतात.

शिक्षिकेची गॅड अँटिबॉडी तपासणी ठळकपणे पॉझिटिव्ह आली. पुढचा प्रश्न असा की पेशी उरल्यात किती? त्यासाठी सी-पेप्टाइड मोजतात. बीटा पेशी इन्सुलिन तयार करताना तितकंच सी-पेप्टाइडही सोडते. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, म्हणून ते स्वतःच्या उत्पादनाची खरी मोजदाद ठरतं. सोबत त्याच वेळची साखर मोजलेली हवी, कारण साखर कमी असताना ते कमी दिसणं स्वाभाविकच आहे. हिची साखर २१४ असताना सी-पेप्टाइड होतं ०.६. मिलिलिटरमागे साधारण ०.९ नॅनोग्रॅमच्या खाली आलं, तर टाइप वनसारखं पूर्ण इन्सुलिन लागतं. सुमारे २.१ च्या वर असेल तर सध्या गोळ्यांवर निभावतं. मधल्या पट्ट्यातल्यांनी दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं. फार दिवस साखर खूप चढलेली असेल तर पेशी दबून आकडा तात्पुरता कमी येतो, तेव्हा साखर आटोक्यात आणून तो पुन्हा बघणं चांगलं.

निदान उशिरा होण्याचा एक धोका हल्ली वाढला आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि टाइप टूमध्ये त्या उत्तम आहेत. पण इन्सुलिन आटलेल्या शरीरात त्यांनी कीटोन साचू शकतात, तेही साखर अडीचशेच्या आत असताना. नवरात्राचे कडक उपवास किंवा तापात जेवण तुटलं, की मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते. ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसतो आणि सगळे पित्त समजून घरी थांबतात. अशा वेळी कीटोन तपासायला हवेत, त्याच दिवशी, रुग्णालयात.

शिक्षिकेची ग्लिमेपिराइड बंद झाली. रात्री एकदा दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन आठ युनिटपासून सुरू झालं, पुढे जेवणाआधीचं आलं. पोटावर सुई टोचायला नवराच शिकला, मग ती शिकली. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७.१, वजन ५१. तिच्या पाकिटात आता एक कार्ड असतं: ‘टाइप टू नाही. आजारपणात, उपवासातही इन्सुलिन पूर्ण बंद करू नये.’ शाळेत कुणाच्या वाढदिवसाला पेढा आला, तर अर्धा खाते, आणि कुणाला त्याचा जाब देत नाही.