बिल्डर बुडाला, तर फ्लॅटवाल्याचं मत कुठे मोजलं जातं?

ऑगस्ट 2017 मध्ये अलाहाबादच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, जेपी इन्फ्राटेक या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. अर्ज आयडीबीआय बँकेचा होता. नोएडा परिसरात या कंपनीकडे घरं नोंदवलेले वीस हजारांहून अधिक लोक होते. आपले पैसे मागायचे तर आपण या कायद्यात नेमके कोण, हेच त्यांना कळेना. ते बँकेसारखे कर्ज देणारे नव्हते आणि सिमेंट पुरवणारे व्यापारीही नव्हते. त्यांच्यासाठी दावा करायचा वेगळा नमुना त्याच महिन्यात घाईघाईने काढावा लागला. पण दावा करता आला, तरी निर्णयात मत नव्हतंच.

ते मत जून 2018 मध्ये मिळालं. फ्लॅटसाठी बिल्डरला दिलेली रक्कम ही कर्जाच्याच स्वरूपाची आहे, असं कायद्यात लिहिलं गेलं आणि ग्राहक 'वित्तीय धनको' ठरला. बिल्डर मंडळी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट 2019 मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे कंपनी कुणाच्या हाती द्यायची हे ठरवणाऱ्या धनको समितीत बँकांच्या शेजारी आता फ्लॅटवालेही बसतात. मात्र प्रत्येक जण स्वतः बसत नाही. सगळ्यांच्या वतीने एक अधिकृत प्रतिनिधी मत देतो.

मताचं वजन रकमेवर ठरतं. समजा, तुम्ही पाच वर्षांपूर्वी 40 लाख रुपये भरले आणि करारात व्याजाचा वेगळा दर ठरलेला नाही. मग त्यावर वर्षाला 8 टक्के धरतात. सरळ व्याजाने 16 लाख होतात, म्हणजे तुमचं वजन 56 लाखांचं. अशा सर्व ग्राहकांची बेरीज समितीतल्या एकूण कर्जाच्या 55 टक्के भरली, असं धरू. कंपनी ताब्यात घेण्याची योजना मंजूर व्हायला 66 टक्के मतं लागतात. म्हणजे ग्राहकांना एकट्याच्या जोरावर योजना मंजूर करता येत नाही, पण त्यांच्याशिवाय बँकांनाही ती रेटता येत नाही. ही ताकद फार मोठी आहे, आणि बहुतेकांना ती आपल्या हातात आहे याची कल्पनाच नसते.

सुरुवातीला ही ताकद वायाही जात होती. हजारो ग्राहकांपैकी अनेक जण मतदानच करत नसत, आणि न दिलेली मतं जणू विरोधातच मोजली जात. म्हणून 2019 मध्ये नियम बदलला. आता मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक वजन ज्या बाजूला पडेल, ती साऱ्या ग्राहकवर्गाची बाजू ठरते. आपल्या उदाहरणात मोजकेच ग्राहक मत देतील आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक वजनाचा होकार पडला, तर पूर्ण 55 टक्के मतं योजनेच्या बाजूने जातात. जो घरी बसला त्याचंही मत दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. एकट्याने 'मला हे मान्य नाही' म्हणून वेगळी वाट धरता येत नाही. जेपीच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी सुरक्षा समूहाच्या योजनेला धनको समितीत 98.66 टक्के मतं पडली. तरी एनसीएलटीची मंजुरी यायला मार्च 2023 उजाडलं. कागदावर या सगळ्याची कमाल मुदत 330 दिवस आहे!

आता या हक्काची मर्यादा. फ्लॅटवाला वित्तीय धनको असला, तरी विनातारण आहे. जमीन सहसा बँकेकडे गहाण असते. योजना न आल्याने कंपनी विकून टाकायची वेळ आली, तर विक्रीच्या पैशांवर पहिला हक्क तारण असलेल्या बँकांचा आणि कामगारांचा, मग इतर कर्मचाऱ्यांचा. तुमचा नंबर त्यानंतर. म्हणून घर पूर्ण करून देणारी योजना थोडी उशिराची, थोडी जास्त पैसे मागणारी असली, तरी ती पैशांत तोलून पाहावी असं मला कळकळीने वाटतं. रागाने दिलेला नकार अनेकदा विक्रीकडे नेतो.

स्वतः अर्ज करून बिल्डरला या प्रक्रियेत ओढायचं असेल, तर त्याच प्रकल्पातले किमान 100 किंवा एकूण ग्राहकांच्या 10 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक एकत्र यावे लागतात. प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते, रेराच्या आदेशाची वसुलीही. तुमच्या गृहकर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. कर्ज तुमच्या नावावर आहे, आणि दिवाळखोरी बिल्डरची.

रेराचा आदेश हाती असलेल्यांनाही 'तुम्ही आता ग्राहक राहिला नाहीत' म्हणून मागे ढकललं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये असा भेद चालणार नाही असं सांगितलं. पण दावा प्रत्येकाने भरावाच लागतो. प्रक्रिया सुरू झाल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि दाव्यासाठी साधारण चौदा दिवस मिळतात. उशीर झाल्यास थोडी सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नये. फ्लॅटवाल्यांचा नमुना 'सीए' नावाचा आहे. त्याला करारनामा, पावत्या, बँकेचे उतारे आणि असल्यास रेराचा आदेश जोडायचा. रोखीने दिलेल्या ज्या रकमेची पावती नाही, ती दाव्यात धरून घेणं अतिशय कठीण जातं.